स्विमिंग पूलच्या पाटीचं मराठी भाषांतर : कुठल्या नियमामागे काय कारण, साध्या शब्दांत

मुरगाव तालुक्यात वास्को, चिखली, दाबोळी या पट्ट्यातल्या अनेक नव्या निवासी वसाहतींत आता पोहण्याचा तलाव असतो. बोगमाळो किनाऱ्याजवळच्या हॉटेलांतही असतो. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि जीवरक्षक पाण्यात उतरू देत नाहीत. त्या दिवसांत मुलांची पोहायची हौस भागते ती या तलावांवरच. इथे येणारी माणसं निरनिराळ्या गावची असतात. कुणी पेडणे-डिचोलीहून नोकरीसाठी आलेलं, कुणाचे पाहुणे सावंतवाडी-दोडामार्गचे, कुणी खानापूर-बेळगावचं, कुणी कारवारचं. तलावाच्या भिंतीवर मात्र बहुतेक ठिकाणी एक इंग्रजी पाटी असते, आणि तिच्याखाली कधी कधी तिचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी.

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार कोकणी ही राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीचा वापरही मान्य आहे. खासगी वसाहतीच्या तलावावर पाटी कुठल्या भाषेत लावायची, हे प्रत्यक्षात वसाहतीची समितीच ठरवते. समितीतल्या कुणाला मराठी पाटी लिहायची असेल तर नियम कसे मांडावेत आणि ते का पाळायचे, हे इथे दिलं आहे. शेवटी तयार पाटीही आहे.

शब्द बदलले, पण करायचं काय ते कळलं नाही

अशा पाट्यांवरची काही मराठी वाक्यं नेहमीची असतात. 'प्रवेशापूर्वी स्नान अनिवार्य.' 'योग्य पोशाख परिधान करावा.' 'संसर्गजन्य आजार असलेल्या व्यक्तींना मज्जाव.' 'डायव्हिंगला सक्त मनाई.' व्याकरणाने यात काही चूक नाही. पण वाचणारा काय समजतो ते पाहा. स्नान? ते तर सकाळी घरी झालं. योग्य पोशाख? अंगावरची बर्म्युडा आणि टी-शर्ट योग्यच आहे. संसर्गजन्य आजार म्हणजे क्षय, कावीळ असं काहीतरी. परवा पोट बिघडलं होतं ते कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि डायव्हिंग म्हणजे उंच फळीवरून मारतात ती उडी, काठावरून मारली तर चालते.

म्हणून पाटी लिहिताना आधी हे ठरवावं की माणसाने नेमकं काय करायचं आहे. मग त्या कृतीचं नाव घ्यावं आणि शेजारी कारण अर्ध्या ओळीत द्यावं. कारण कळलं की पाटीवर न लिहिलेल्या प्रसंगातही माणूस बरोबर वागतो. नियम दिसायला खूप असले तरी गट दोनच आहेत. काही नियम पाण्यातलं औषध, म्हणजे क्लोरीन, टिकावं म्हणून असतात. बाकीचे माणसाचा श्वास आणि मान सांभाळण्यासाठी असतात.

शॉवर आणि डोक्याचं तेल

पहिल्या गटासाठी एक हिशेब मांडू. वसाहतीतला लहान तलाव धरा. लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर. म्हणजे ६० घनमीटर, म्हणजेच ६०,००० लिटर पाणी. त्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवलं तर सगळ्या तलावात मिळून फक्त १२० ग्रॅम क्लोरीन असतं. बाजारात मिळणाऱ्या ६५ टक्के ताकदीच्या पावडरीच्या हिशेबात हे साधारण १८५ ग्रॅम, म्हणजे वाटीभर झालं. त्या तलावातल्या सगळ्या जंतूंशी लढायला एवढाच साठा असतो. भर उन्हात त्यातला बराच भाग तसाही उडून जातो.

क्लोरीनला जंतू आणि घाम यातला फरक कळत नाही. समोर येईल त्या घामावर, तेलावर, क्रीमवर, पावडरवर ते खर्च होतं. डोक्याला खोबरेल लावून दहा मुलं उतरली तर त्यांच्या केसांतलं तेल आधी क्लोरीन खातं. उरलेलं तेल पाण्यावर तरंगून काठाच्या टाइल्सवर चिकट काळपट पट्टा बनतं किंवा फिल्टरच्या वाळूत जाऊन बसतं. वाळू तेलकट झाली की तिचे गठ्ठे होतात, पाणी नीट गाळलं जात नाही आणि फिल्टर पुन्हा पुन्हा उलटा धुवावा लागतो.

त्यामुळे 'स्नान अनिवार्य' असं न लिहिता लिहावं, 'पाण्यात उतरण्याआधी इथल्या शॉवरखाली एक मिनिट अंग आणि डोकं चोळून धुवा. सकाळी घरी केलेली अंघोळ चालणार नाही.' मिनिटभराच्या धुण्यानेही अंगावरचा बराचसा घाम आणि मळ निघून जातो. तेलाची ओळ वेगळी हवी, कारण तेल नुसत्या पाण्याने जात नाही: 'डोक्याला तेल असेल तर शाम्पूने धुवूनच उतरा.' कोकणात ही ओळ इंग्रजी पाटीत नसली तरी घालावी.

चपलांचा नियमही इथलाच. मुरगावच्या जांभ्या जमिनीची तांबडी धूळ चपलांना लागून काठावर येते आणि पहिल्या पावसात किंवा पाय घसटले की तलावात उतरते. धूळ इतकी बारीक असते की ती लगेच खाली बसत नाही आणि पाणी गढूळ दिसतं. पाणी गढूळ झालं की तळ दिसत नाही, आणि तळाशी कुणी गेलं तर तेही दिसत नाही. तळाची निचऱ्याची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर तलाव बंद ठेवायचा, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. पाटीवर तो एका ओळीत घालता येतो.

'क्लोरीन जास्त झालं' असं वाटतं, तेव्हा खरं काय असतं

तलावाजवळ गेल्यावर झोंबरा वास आला, डोळे लाल झाले की लोक म्हणतात, 'आज क्लोरीन जास्त टाकलंय.' बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. स्वच्छ पाण्यातल्या क्लोरीनचा वास मंद असतो. घाम आणि लघवी यांतल्या युरियाशी क्लोरीन जोडलं गेलं की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. नाकाला झोंबतात आणि डोळे चुरचुरवतात ती हीच. त्यात अडकलेलं क्लोरीन जंतू मारण्याच्या कामी जवळजवळ येत नाही. म्हणजे वास जेवढा जास्त, तेवढं कामाचं क्लोरीन कमी, असं समजायला हरकत नाही.

'तलावात लघुशंका करू नये' या ओळीमागचं हे कारण आहे. लघवीतून थेट रोग होतो म्हणून ती ओळ नसते. ती पाण्याचं औषध निकामी करते म्हणून असते. लहान मुलांना 'लघुशंका' हा शब्द कळत नाही. तिथे सरळ 'शू' लिहावं: 'पाण्यात उतरण्याआधी मुलांना शू करून आणा. दर तासाला मुलांना बाहेर काढून एकदा विचारा.'

हे मोजता येतं. चाचणीच्या संचाने मोकळं क्लोरीन आणि एकूण क्लोरीन असे दोन आकडे काढता येतात. आपल्या ६०,००० लिटरच्या तलावात मोकळं १.५ आणि एकूण २ आलं, असं समजा. वजाबाकी ०.५. हे अडकलेलं क्लोरीन. हा आकडा ०.४ च्या वर गेला की तो तोडावा लागतो. त्यासाठी मोकळं क्लोरीन अडकलेल्याच्या दहापट, म्हणजे ५ पर्यंत चढवतात. आधीचं १.५ आहेच, तेव्हा आणखी ३.५ हवं. ६०,००० लिटरला ते २१० ग्रॅम, म्हणजे ६५ टक्के पावडर सुमारे ३२५ ग्रॅम. हे रात्री, तलाव रिकामा असताना करतात आणि आकडा नेहमीच्या पातळीवर उतरल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. 'आज तलाव बंद' ही पाटी अनेकदा यासाठी लागते. रहिवाशांना ती कुरकुरीचं कारण वाटते म्हणून तिथेही कारण लिहिणं चांगलं.

औषध टाकणाऱ्यासाठी दोन गोष्टी पंपाच्या खोलीत मराठीत लिहिलेल्याच हव्यात. पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. आणि क्लोरीनची पावडर व ॲसिड एका भांड्यात, एका मापाने, एका वेळी कधीही वापरायचं नाही. त्यातून निघणारा विषारी वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेऊ शकतो.

पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायला सांगतात, त्याचंही कारण क्लोरीनच. ७.५ ला मोकळ्या क्लोरीनचा साधारण अर्धा भाग जोमाने काम करतो. ८ ला जेमतेम पाव भाग. पाटीवर हे आकडे नकोत. पण काठावर एक लहान फळा ठेवून त्यावर रोज वेळ, क्लोरीन आणि पीएच खडूने लिहिलं तर लोकांचा विश्वास बसतो.

जुलाब झाले असतील तर

'संसर्गजन्य आजार' हा शब्द पाटीवरून काढून टाकावा आणि आजारांची नावं घ्यावीत: जुलाब, उघडी जखम, डोळे आलेले, अंगावर गजकर्ण किंवा खरूज.

यात जुलाब सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यात काही मिनिटांत मरतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे. त्याचं कवच इतकं टणक असतं की नेहमीच्या क्लोरीनमध्ये तो आठवडाभराहूनही अधिक तगतो. पाण्याचा एक घोट पोटात गेला तरी त्याची लागण होऊ शकते. जुलाब थांबल्यावरही तो काही दिवस शरीरातून बाहेर पडत राहतो, म्हणून ही लागण झालेल्याने जुलाब थांबल्यापासून दोन आठवडे तलावात उतरू नये असं सांगतात. साध्या घरगुती जुलाबात कुणी तपासणी करत नाही, तेव्हा पाटीवर दोन आठवडेच लिहिलेले बरे.

तलावात एखाद्या मुलाला पातळ शौच झालं तर नुसतं जाळीने काढून भागत नाही. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राच्या सूचनेनुसार सगळ्यांना बाहेर काढून मोकळं क्लोरीन लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत चढवून पावणेतेरा तास धरून ठेवावं लागतं. म्हणजे तलाव एक पूर्ण दिवस गेला. हे आईबापांना माहीत असेल तर तान्ह्या बाळाला साधा डायपर घालून कुणी उतरवणार नाही. साधा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि आतलं सगळं बाहेर सोडतो.

कपडे : सुती का नको

'योग्य पोशाख' हा भांडणाचा नियम आहे. लोकांना तो मर्यादेचा, लाजेचा नियम वाटतो. खरं म्हणजे प्रश्न कापडाचा आहे. सुती कापड पाणी शोषून जड होतं. ओली साडी, ओढणी किंवा सैल सलवार पायात गुंतते आणि दमलेल्या माणसाला खाली ओढते. सुती कपड्यांचे धागे सुटून फिल्टरच्या जाळीत अडकतात, रंगही उतरतो. शिवाय दिवसभर अंगावर असलेल्या कपड्यांत घाम आणि साबणाचा अंश असतोच, तो पुन्हा क्लोरीन खातो.

नियम लिहावा तो असा: 'नायलॉन किंवा पॉलिस्टरचे, अंगाला घट्ट बसणारे, फक्त पोहण्यासाठी ठेवलेले कपडे घाला. पूर्ण अंगभर असले तरी चालतील. सुती कपडे, जीन्स, साडी, ओढणी नको.' 'पूर्ण अंगभर चालतील' हे तीन शब्द घातले की पोशाखामुळे काठावर बसून राहणाऱ्या अनेक बायका आणि मुली पाण्यात उतरू शकतात.

सूर मारणे आणि उडी मारणे या दोन गोष्टी

इंग्रजी पाटीतलं 'नो डायव्हिंग' मराठीत 'उडी मारू नये' झालं की अर्थ निसटतो. उडी पायांवर मारतात. डोकं पुढे करून पाण्यात शिरणं म्हणजे सूर मारणं. गावच्या विहिरीत, बांधाखालच्या डोहात पवायला शिकलेल्या माणसाला सूर म्हटलं की लगेच कळतं. विहीर दोन-तीन पुरुष खोल असते, तिथे सूर मारून तो वाढलेला असतो. वसाहतीच्या तलावात पाणी चार-पाच फूट. निळ्या टाइल्समुळे आणि पाण्यात प्रकाश वाकत असल्यामुळे खोलीचा अंदाज डोळ्यांना बरोबर येत नाही.

काठावरून सूर मारला की अंगाचं सगळं वजन डोक्याच्या मागून येतं. १.२ मीटर पाण्यात वेग कमी व्हायच्या आत टाळू तळाला लागते. डोकं थांबतं, धड येतच राहतं आणि मधे मान सापडते. मानेचा मणका मोडून मज्जातंतूंना इजा झाली तर हातपाय कायमचे जाऊ शकतात. अपघात होतो बहुधा तरुण मुलग्यांना, पोहता येणाऱ्यांना, आणि पहिल्याच सुरात. अमेरिकन रेड क्रॉस डोक्यावर सूर मारायला किमान ९ फूट पाणी सांगतं. तेवढं वसाहतीच्या तलावात जवळजवळ कुठेच नसतं.

खोलीचे आकडेही माणसाला कळतील असे हवेत. नुसतं '१.२ मी.' वाचून फारसं काही डोळ्यांपुढे येत नाही. '४ फूट, मोठ्या माणसाच्या छातीभर' असं लिहिलं की येतं. उतार जिथे सुरू होतो तिथे काठावर आणि भिंतीवर दोन्हीकडे लिहावं: 'इथून पुढे पाणी डोक्यावरून.'

सूर मारल्यावर कुणी निपचित तरंगत असेल तर त्याला मान वाकवून, बखोट धरून ओढायचं नसतं. तोंड पाण्याबाहेर ठेवून डोकं आणि धड एका रेषेत धरायचं आणि मदत येईपर्यंत पाण्यातच आधार द्यायचा. श्वास चालत नसेल तर मात्र थांबायचं नाही, काठावर घेऊन श्वास द्यायचा.

मुलं : 'सोबत' म्हणजे किती जवळ

'बारा वर्षांखालील मुलांसोबत पालक असणे आवश्यक' ही ओळ सगळीकडे असते. पालक असतातही. ते खुर्चीवर बसून मोबाइल बघत असतात. बुडणारं मूल ओरडेल, हात हलवेल, मग धावू, असा त्यांचा समज असतो. सिनेमात तसंच दिसतं.

बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर खाली-वर होत असतं. वर येतं तेवढ्या वेळात एक श्वास घ्यायलाच मिळत नाही, ओरडणार कसं? हात वर हलत नाहीत, ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. अंग उभं असतं, डोकं मागे कललेलं, केस तोंडावर, नजर कुठेच नाही. लांबून पाहणाऱ्याला मूल पाण्यात खेळतंय असं वाटतं. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर चित्रीकरण करून हे प्रथम नीट मांडलं. त्यांच्या निरीक्षणात ही धडपड २० ते ६० सेकंद चालते आणि मग माणूस खाली जातो. मेसेजला उत्तर द्यायला याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून 'सोबत' या शब्दाऐवजी अंतर लिहावं: 'पोहता न येणाऱ्या मुलाबरोबर मोठं माणूस पाण्यात, हात पोचेल एवढ्या अंतरावर हवं.' हातात बांधायचे हवेचे फुगे, ट्यूब ही खेळणी आहेत. ती निसटतात, त्यांच्यावर भरवसा ठेवून मूल सोडायचं नाही. चार-पाच घरांची मुलं एकत्र असतील तर प्रत्येक पंधरा मिनिटांना एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याकडे बघायचं काम घ्यावं. सगळे बघत असतात तेव्हा खरं तर कुणीच बघत नसतं.

बाहेर काढलेल्या माणसाबाबत आपल्याकडे एक जुनी रीत आहे: उलटं धरणं, पोट दाबणं, पाणी काढणं. ती पाटीवर स्पष्ट नाकारावी. पोट दाबल्याने पोटातलं अन्न घशात येऊन श्वासनळीत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. बुडालेल्याला हवं असतं ते ऑक्सिजन. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायला सुरुवात: ३० दाब, २ श्वास, मदत येईपर्यंत. दुसऱ्याने तेव्हाच १०८ ला फोन करायचा. शुद्धीवर आला तरी डॉक्टरकडे न्यायचंच.

पाण्याखाली श्वास रोखण्याची पैज

ही ओळ बहुतेक पाट्यांवर नसते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी तीच सगळ्यात गरजेची आहे. पैजेआधी मुलं जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात. त्यांना वाटतं, छातीत हवा साठवली. प्रत्यक्षात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. श्वास घ्यायची तगमग आपल्याला होते ती कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो आधीच उतरवल्याने धोक्याची घंटा उशिरा वाजते. तोवर ऑक्सिजन संपतो आणि मुलगा काहीही न जाणवता पाण्याखाली बेशुद्ध होतो. वरून बघणाऱ्याला तो अजून पैज खेळतोय असंच वाटतं. पाटीवर लिहावं: 'पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा लावू नका. जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारू नका.'

केस बांधा, तळाच्या जाळीशी खेळू नका

टोपीचा नियम केस पाण्यात पडू नयेत म्हणून आहे असं सगळे समजतात. ते खरं आहे, पण अर्धंच. तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढत असतो. जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर लांब केस आत जाऊन पिळले जातात, किंवा अंग जाळीवर चिकटून बसतं. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या छोट्या तलावात अशीच निचऱ्याला अडकून गेली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे निचऱ्याच्या जाळ्यांविषयी कायदा झाला. मराठी पाटीवर दोन ओळी पुरेत: जाळीजवळ थांबू नका, जाळी हललेली दिसली तर लगेच बाहेर या आणि पंप बंद करायला सांगा. पंपाचं बटण कुठे आहे तेही पाटीवर असावं.

उरलेले छोटे नियम

काचेचा ग्लास काठावर नको, कारण फुटलेली काच पाण्यात दिसत नाही. एक ग्लास तलावात फुटला तर सगळे ६०,००० लिटर पाणी उपसून तळ झाडावा लागतो. धावणं नको, कारण ओल्या टाइल्सवर पडणाऱ्याचं डोकं काठाच्या कडेवर आपटतं. दारू पिऊन उतरणं नको, कारण तोल आणि अंदाज जातो आणि बुडताना पाय मारायचंही सुचत नाही. ढग गडगडले की बाहेर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरायचं नाही. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसात इथे विजा जास्त असतात, तेव्हा ही ओळ ठेवावीच.

एक नियम मात्र सैल करता येतो. 'जेवणानंतर एक तास पोहू नये' ही ओळ जुनी आहे, पण जेवून पोहल्यामुळे माणसं बुडतात याला पुरावा सापडलेला नाही. फार तर जड जेवणानंतर अस्वस्थ वाटतं. तिची जागा श्वास रोखण्याच्या ओळीला द्यावी.

आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे' ही ओळ. ती लावली म्हणून तलाव सांभाळणाऱ्यांची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. तिच्यातून जे सांगायचं असतं ते सरळ सांगावं: 'इथे जीवरक्षक नाही. एकट्याने उतरू नका.'

तयार पाटी

अक्षरं मोठी असावीत आणि पाटी शॉवरजवळ लावावी, कारण माणूस तिथे मिनिटभर उभा असतो. सूर आणि खोलीच्या ओळी मात्र काठावर, जिथून उडी मारतात तिथेच हव्यात.

१. इथे जीवरक्षक नाही. एकट्याने उतरू नका.
२. आधी शॉवरखाली एक मिनिट अंग चोळून धुवा. डोक्याला तेल असेल तर शाम्पू लावा. तेल आणि घाम पाण्यातलं औषध संपवतात.
३. चपला बाहेर काढा. तळाची जाळी दिसत नसेल तर उतरू नका.
४. मुलांना आधी शू करून आणा. झोंबरा वास त्यामुळेच येतो.
५. जुलाब झाले असतील तर थांबल्यावरही दोन आठवडे उतरू नका. उघडी जखम, डोळे आलेले, गजकर्ण, खरूज असेल तर बरं होईपर्यंत नको.
६. नायलॉन-पॉलिस्टरचे घट्ट कपडे घाला, अंगभर चालतील. सुती कपडे, साडी, ओढणी नको.
७. सूर मारू नका. पाणी छातीभरच आहे, मान मोडेल.
८. पोहता न येणाऱ्या मुलाबरोबर मोठं माणूस पाण्यात, हाताच्या अंतरावर हवं. बुडणारं मूल ओरडत नाही.
९. पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा नकोत. न कळत शुद्ध जाते.
१०. केस बांधा, टोपी घाला. तळाच्या जाळीजवळ थांबू नका. पंपाचं बटण : (जागा लिहा).
११. काच नको, दारू नको, धावणं नको. गडगडाट झाला की बाहेर, मग ३० मिनिटं थांबा.
१२. कुणी बुडालं तर पोट दाबू नका. श्वास द्या, छाती दाबा, १०८ ला फोन करा.